दादरचा जिना टाळताना

मुंबईच्या लोकलमध्ये गाडी बदलणं म्हणजे बहुतेक वेळा पूल ओलांडणं. एका गाडीतून उतरायचं, तीस-चाळीस पायऱ्या चढायच्या, गर्दीतून पुलाचं दुसरं टोक गाठायचं आणि तितक्याच पायऱ्या उतरून दुसरी गाडी पकडायची. पाठीवर एक बॅग असलेला माणूस हे चार-पाच मिनिटांत उरकतो. पण सोबत चाकांची मोठी सुटकेस, गाठोडं, कडेवर वर्षाचं मूल आणि हाताला धरलेलं चार वर्षांचं दुसरं मूल असेल, तर हाच पूल प्रवासातला सर्वांत अवघड टप्पा होतो. अशा वेळी सर्वांत लवकर पोहोचवणारा मार्ग सोडून कमीत कमी पायऱ्यांचा मार्ग शोधावा लागतो. तो सापडतो, मात्र नेहमीचा प्रवासी ज्या नकाशाने विचार करतो तो नकाशा थोडा बाजूला ठेवावा लागतो.

पायऱ्या कुठे असतात आणि कुठे नसतात, याचं कारण स्टेशनच्या रचनेत आहे. दादर, कुर्ला, ठाणे, अंधेरी ही मधली स्टेशनं आहेत. तिथे रूळ स्टेशनातून आरपार जातात आणि फलाट त्यांच्या मध्ये बेटांसारखे असतात. एका बेटावरून दुसऱ्यावर जायचं तर रुळांच्या वरून किंवा खालून जाण्यावाचून मार्ग नाही. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस आणि चर्चगेट इथे रूळ संपतात. रुळांच्या टोकाशी सगळे फलाट एकाच सपाट मोकळ्या जागेला मिळतात. त्यामुळे या दोन्ही ठिकाणी एका फलाटावरून दुसऱ्या फलाटावर जाताना एकही पायरी लागत नाही. चाकांची बॅग ओढत नेता येते. सीएसएमटीला १ आणि २ हे हार्बरचे फलाट, ३ ते ७ मुख्य मार्गाच्या लोकलचे आणि ८ ते १८ लांब पल्ल्याच्या गाड्यांचे. लांबून आलेली गाडी अठरा नंबरला लागली आणि पुढे हार्बरने जायचं असेल तर चालणं बरंच होतं, पण ते सगळं सपाटीवरचं चालणं असतं.

टर्मिनसचा दुसरा फायदा वेळेचा. मधल्या स्टेशनात लोकल साधारण वीस ते तीस सेकंद थांबते. तेवढ्यात उतरणारे उतरतात, चढणारे चढतात आणि गाडी हलते. टर्मिनसला गाडी काही मिनिटं उभी असते आणि रिकामी होऊन भरते. दोन मुलं आणि तीन नग घेऊन चढणाऱ्यांसाठी वीस सेकंद आणि चार मिनिटं यांतला फरक फार मोठा असतो. लांब पल्ल्याच्या गाडीतून उतरतानाही तेच. दादरला मेल-एक्सप्रेस दोन-तीन मिनिटं थांबते, त्यामुळे झोपलेल्या मुलांना उठवून, सामान ओढून माहीमच्या आसपासच दरवाजाशी उभं राहावं लागतं, असं पश्चिम मार्गाने येणाऱ्यांचं. मध्य मार्गाने येणाऱ्यांची तीच धावपळ कुर्ला मागे पडताच सुरू होते. शेवटच्या स्टेशनात ही घाई नसते. गर्दी उतरून गेल्यावर सावकाश खाली यावं, हे उत्तम.

एक उदाहरण तपशिलाने पाहू. सोलापूरहून रात्री निघालेली सिद्धेश्वर एक्सप्रेस सकाळी मुंबईत पोहोचते. तिच्यातून एक जोडपं दोन लहान मुलांसह बोरिवलीला नातेवाइकांकडे निघालं आहे. सामानात एक मोठी सुटकेस, एक कापडी बॅग आणि खाऊ-पाण्याची पिशवी. सरळ मार्ग असा की दादरला उतरायचं, पुलावरून पश्चिम रेल्वेच्या बाजूला जायचं आणि बोरिवली किंवा विरार लोकल धरायची. दादरहून बोरिवली जलद गाडीने सुमारे पस्तीस मिनिटांवर. दादरला आता दोन्ही रेल्वेंचे फलाट एकाच क्रमाने मोजले जातात. डिसेंबर २०२३पासून पश्चिमेचे १ ते ७ आणि मध्य रेल्वेचे ८ ते १४ असे क्रमांक झाले, त्यामुळे ‘चार नंबर कोणत्या रेल्वेचा’ हा जुना घोळ संपला. पूल मात्र तेच आहेत आणि तिथली गर्दीही.

दुसरा मार्ग लांबचा. दादरला न उतरता सीएसएमटीपर्यंत जायचं, तिथे सपाटीवरून बाहेर येऊन टॅक्सी करायची आणि जेमतेम दोन किलोमीटरवरच्या चर्चगेटला जायचं. मुंबईत काळ्यापिवळ्या टॅक्सीचं किमान भाडं फेब्रुवारी २०२५पासून ३१ रुपये आहे. हे अंतर त्याहून थोड्याच जास्त पैशांत होतं. टॅक्सीवाल्याला स्टेशनच्या बाजूला, म्हणजे रस्ता न ओलांडता आत जाता येईल अशा ठिकाणी सोडायला सांगायचं. नाहीतर रस्त्याखालचा भुयारी मार्ग नशिबी येतो आणि त्याला जिने आहेत. आत गेल्यावर चार फलाट, सगळे टोकाशी जोडलेले. जी बोरिवली लोकल उभी असेल तिच्यात चढायचं. स्लो गाडी तासाच्या थोडं वर घेते. एकूण हिशेब केला तर दादरच्या मार्गापेक्षा साधारण एक तास जास्त जातो. मोबदल्यात दादरचा पूल, पायऱ्या आणि चालत्या गाडीच्या धास्तीने चढणं या तिन्ही गोष्टी टळतात आणि बसायला जागा मिळते.

चर्चगेट आणि सीएसएमटी यांच्यामध्ये आता भुयारी मेट्रोही आहे. ऑक्टोबर २०२५मध्ये आरे ते कफ परेड ही संपूर्ण मेट्रो ३ सुरू झाली आणि सीएसएमटी, हुतात्मा चौक, चर्चगेट ही तिची लागोपाठची स्टेशनं आहेत. पण दोन स्टेशनांसाठी लिफ्टने जमिनीखाली जाणं, बॅगा तपासणी यंत्रातून काढणं आणि पुन्हा वर येणं, एवढा खटाटोप मुलांसह टॅक्सीपुढे परवडत नाही. एकट्या माणसाला ती सोयीची.

पण लांबचा मार्ग नेहमीच शहाणपणाचा असतो असं नाही. तो घड्याळावर ठरतो. मुंबईची गर्दी दिशा बदलते. सकाळी साडेसात ते अकरापर्यंत ती दक्षिणेकडे, म्हणजे चर्चगेट आणि सीएसएमटीकडे वाहते आणि संध्याकाळी पाच ते नऊ उलट दिशेने. सकाळी चर्चगेटहून बोरिवलीकडे निघालेली गाडी त्यामुळे बऱ्यापैकी रिकामी असते. दादरहून सकाळी उत्तरेकडे जाणाऱ्या गाडीतही जागा असते, हे सांगायला हवं. तिथला अडथळा गाडी नाही, पूल आहे. मध्य रेल्वेने आलेले हजारो लोक पश्चिमेकडे आणि पश्चिमेचे मध्येकडे, अशी दोन्ही बाजूंनी रेटारेटी सुरू असते. म्हणून गाडी वेळेवर धावत सकाळी साडेसहाच्या आत दादरला आली, तर दादरलाच उतरून हमाल करावा. पुलावर तेव्हा मोकळीक असते आणि तासाभराची बचत होते. गाडी उशिराने धावत साडेआठला दादरला येत असेल, तर सीएसएमटीपर्यंत बसून राहावं.

संध्याकाळी हिशेब पुन्हा पालटतो. सहा वाजता चर्चगेटला गाडी लागते तेव्हा ती अजून थांबलेलीही नसते आणि जागा पकडणारे आत उड्या मारत असतात. सुरुवातीचं स्टेशन असूनही तिथे मुलांसह पहिल्या झटक्यात चढणं धोक्याचं असतं. अशा वेळी एकच गोष्ट चालते, ती म्हणजे थांबणं. नऊनंतर गर्दी ओसरते. थांबणं शक्य नसेल तर विरारची जलद गाडी सोडून कमी अंतराची स्लो गाडी पाहावी, तिच्यात दाटी तुलनेने कमी असते. तेही जमत नसेल तर सामानाच्या प्रमाणात टॅक्सीचा खर्च योग्यच म्हणायचा.

हमालाबद्दल थोडं. लाल डगला आणि दंडावर पितळी बिल्ला असलेला हमाल हा पुलाच्या समस्येवरचा सर्वांत जुना आणि अजूनही सर्वांत खात्रीचा उपाय आहे. २०१६च्या रेल्वे अर्थसंकल्पात त्यांना ‘सहायक’ हे नाव मिळालं, पण फलाटावर हाक हमालालाच मारतात. भाव आधी ठरवावा आणि कुठपर्यंत न्यायचं तेही नेमकं सांगावं. ‘पश्चिम रेल्वेच्या फलाटावर’ एवढं सांगितलं की तो पुलाच्या पायथ्याशी सामान ठेवून मोकळा होऊ शकतो. ‘बोरिवली लोकलच्या फलाटावर, लेडीज डब्यापाशी’ असं सांगितलं की वाद होत नाही. सामान डोक्यावर गेलं की आईवडिलांचे हात मुलांसाठी मोकळे राहतात, हा हमालाचा खरा उपयोग.

लिफ्ट आणि सरकते जिने अनेक स्टेशनांत बसले आहेत, पण त्यांच्या भरवशावर मार्ग आखताना दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. लिफ्ट फलाटाच्या एखाद्याच ठिकाणी असते आणि बारा डब्यांची गाडी सुमारे अडीचशे मीटर लांब असते. चुकीच्या टोकाच्या डब्यातून उतरलं तर लिफ्टपर्यंतचं चालणंच पूल ओलांडण्याइतकं होतं. सरकते जिने बहुधा वर जाणारे असतात. उतरायला साध्या पायऱ्याच. त्यांवर मुलांची ढकलगाडी चढवू नये. ती दुमडून हातात घ्यावी, मूल कडेवर घ्यावं आणि सुटकेस स्वतःच्या पुढच्या पायरीवर धरावी, म्हणजे ती निसटली तरी मागच्यांच्या अंगावर जात नाही. मोठ्या मुलाच्या चपलेचं टोक आणि आईच्या ओढणीचा किंवा साडीचा पदर कडेच्या फटीजवळ जाणार नाही, हे पाहावं.

पावसाळ्यात पुलांचा धोका वाढतो, कारण पाऊस सुरू झाला की बाहेरचे लोक आसऱ्याला जिन्यावर थांबतात आणि मागून येणारी गाडीभर माणसं त्यांवर आदळतात. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड, म्हणजे आताच्या प्रभादेवी स्टेशनच्या पुलावर अशाच पावसात चेंगराचेंगरी होऊन २३ जणांचा जीव गेला. त्यानंतर परळ-प्रभादेवीला लष्कराने उभारलेल्या पुलासह नवे पूल आले. तरीही जिन्यावर माणसं पुढे सरकताना दिसत नसतील तर त्यात शिरू नये, ही खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. पुढे सरकणारी गर्दी कितीही दाट असली तरी तिच्यातून जाता येतं. अडलेली गर्दी मागून दाबली जाते. अशा वेळी मुलांना घेऊन फलाटाच्या मधल्या भागात भिंतीला किंवा खांबाला टेकून दोन गाड्या जाऊ द्याव्यात.

आता जिथे दोन लोकल एकमेकींना जोडून बदलायच्या असतात तिकडे वळू. मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावरून हार्बरला जायचं तर बहुतेक जण कुर्ल्याला बदलतात. तिथला पूल आणि हार्बरचा फलाट यांवर दिवसभर दाटी असते. भायखळा किंवा दादरहून वाशीला निघालेल्या कुटुंबासाठी उलट दिशेने सीएसएमटीला जाणं जास्त सुखाचं. तिथे मुख्य मार्गाच्या फलाटावरून सपाटीने एक-दोन नंबरला यायचं आणि पनवेल किंवा वाशी लोकलमध्ये बसायचं. सँडहर्स्ट रोडलाही दोन्ही मार्ग मिळतात, पण तिथे हार्बरचा फलाट वरच्या मजल्यावर आहे, म्हणून सामानासह तो पर्याय मनातही आणू नये.

यात एक अडचण तिकिटाची आहे. जागा मिळवण्यासाठी उलट्या दिशेने जाऊन त्याच गाडीने परत फिरणं मुंबईत जुनं आहे आणि तिकीट तपासनिसांना ते तोंडपाठ आहे. दादर ते वाशी असं थेट तिकीट काढून सीएसएमटीला गेलं तर त्या भागासाठी तिकीट नाही असं धरून दंड होऊ शकतो. दादर ते सीएसएमटी आणि सीएसएमटी ते वाशी अशी दोन वेगळी तिकिटं काढावीत. लोकलच्या दरात हा फरक किरकोळ आहे. पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही आणि पाच ते बारा वयाला अर्धं लागतं.

ठाण्याला मुख्य मार्गावरून ट्रान्स-हार्बरवर जातानाही असाच प्रश्न येतो आणि इथे उत्तर वेगळं निघतं. सोलापूरचंच कुटुंब नेरूळला जात असतं तर? ट्रान्स-हार्बरच्या गाड्या ठाण्याला ९ आणि १० नंबरवरून सुटतात, म्हणजे एक पूल ओलांडावाच लागतो. पण तिथून नेरूळ सुमारे पस्तीस मिनिटांवर आहे. सीएसएमटीला जाऊन हार्बरने परत यायचं तर आधी ठाणे ते सीएसएमटी पाऊण तास आणि मग पुढे तासाहून जास्त. एका पुलासाठी मुलांना सव्वा तास जास्त गाडीत बसवणं व्यवहार्य नाही. ठाण्याला उतरावं आणि लिफ्ट किंवा हमाल करावा. ट्रान्स-हार्बरची गाडी ठाण्यालाच सुरू होते, त्यामुळे चढायची घाईही नसते.

प्रवासाचं शेवटचं स्टेशन कोणत्या बाजूला उघडतं हेही आधी पाहून ठेवावं. मुंबईत रेल्वे डाव्या हाताने धावते आणि मुख्य मार्गावर स्लो गाड्यांचे रूळ पश्चिमेच्या अंगाला आहेत. म्हणून कल्याणकडे जाणारी स्लो गाडी विक्रोळी, भांडुप, मुलुंड अशा स्टेशनांत एक नंबर फलाटाला लागते आणि तो फलाट पश्चिमेच्या रस्त्यालगत असतो. मुलुंड पश्चिमेला जाणाऱ्याने सीएसएमटीहून जलद गाडी पकडली तर दहा-पंधरा मिनिटं वाचतात, पण शेवटी पूल चढावा लागतो. स्लो गाडीने बसूनच गेलं तर जिना नाही. परतीच्या प्रवासात, सीएसएमटीकडच्या गाडीसाठी, हा लाभ उलटा होतो. पश्चिम रेल्वेवर वांद्र्यापासून गोरेगावपर्यंत पश्चिमेच्या अंगाला हार्बरचे रूळ असल्याने तिथे हा नियम तसाच लावता येत नाही. बोरिवलीला एक नंबर फलाट पश्चिमेच्या बाजूला आहे; गाडी तिथे लागली तर पूल नको, दुसरीकडे लागली तर लिफ्ट शोधावी लागते. एम-इंडिकेटरसारख्या ॲपवर गाडीचा फलाट आधीच दिसतो, तेवढा पाहून गाडी निवडावी.

डबा कोणता निवडायचा हे कुटुंबागणिक ठरतं. बारा वर्षांखालचा मुलगा आईबरोबर महिला डब्यात जाऊ शकतो. पण आई एका डब्यात मुलं घेऊन आणि वडील दुसऱ्यात सामान घेऊन, अशी फाळणी गर्दीत शहाणपणाची नसते. रिकाम्या गाडीत सगळे मिळून साध्या डब्यात बसलेले बरे. दिव्यांगांचा डबा मोकळा दिसला तरी तो दिव्यांग, कर्करोगाचे रुग्ण आणि गर्भवती स्त्रियांसाठी आहे, सामान किंवा मूल सोबत असणं हे त्यात चढायचं कारण होत नाही. मालडब्याचंही तसंच; तो मासळी, भाजी, फुलं घेऊन जाणाऱ्या व्यापाऱ्यांसाठी आहे. एसी लोकलचे दरवाजे आपोआप बंद होतात, त्यामुळे लहान मुलांना ती सर्वांत सुरक्षित. पश्चिम रेल्वेवर पहिली एसी लोकल २५ डिसेंबर २०१७ला धावली, आता मध्य रेल्वेवरही आहेत. मात्र ऐन गर्दीत दार बंद होईना म्हणून ती अडून राहते, तेव्हा तिथेही दाटीच.

चढताना आणि उतरताना एक पद्धत ठरवलेली असेल तर बाकी सगळं सोपं होतं. बरेच जण आधी सामान आत टाकतात, मग मुलं, मग स्वतः. वीस सेकंदांत यातला एखादा टप्पा अर्धवट राहिला की मूल गाडीत आणि आई फलाटावर, असं होऊ शकतं. त्याऐवजी प्रत्येक मोठ्या माणसाकडे एक मूल आणि एकच नग असावा. बाकीचं पाठीवर आणि गाडीत शिरताना तीच पिशवी पोटावर. मग कोणीही मागे राहिलं तरी मूल एकटं राहत नाही. सामान याहून जास्त असेल तर ते लोकलने नेण्याजोगं नाही, असाच त्याचा अर्थ. मोठी सुटकेस वरच्या फळीवर मावत नाही. ती दरवाजाच्या वाटेत न ठेवता सीटच्या पाठीला टेकवून उभी करावी आणि तिच्यापाशी एकाने थांबावं. उतरायचं स्टेशन येण्याआधी एक स्टेशन शिल्लक असतानाच दरवाजाकडे सरकावं, फलाट कोणत्या बाजूला येणार ते शेजाऱ्याला विचारून घ्यावं आणि चुकून कोणी गाडीतच राहिलं तर पुढच्याच स्टेशनात उतरून तिथेच थांबायचं, हे आधी बोलून ठेवावं.

ही सगळी आखणी एका दिवशी हमखास कोलमडते, तो दिवस म्हणजे रविवार. गर्दी कमी म्हणून अनेक जण रविवारच निवडतात, पण त्याच दिवशी रुळांच्या दुरुस्तीसाठी मेगाब्लॉक असतो, बहुधा सकाळी उशिरापासून दुपारपर्यंत चार-पाच तास. त्या वेळात स्लो गाड्या जलद रुळांवर वळवल्या जातात, काही स्टेशनांत थांबत नाहीत आणि ज्या फलाटाच्या हिशेबाने बिनजिन्याचा मार्ग ठरवला तो फलाटच बदलतो. हार्बरवर ब्लॉक असेल तर काही भागात गाड्याच नसतात. रेल्वे हे वेळापत्रक शनिवारपर्यंत जाहीर करते. रविवारीच जायचं असेल तर सकाळी नऊच्या आत किंवा ब्लॉक संपल्यावर तासाभराने, गाड्या पुन्हा मूळ फलाटांवर आल्या की निघावं.